पंधराव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या बँकेत व्हर्लीन स्ट्राउडबाईंचा दरारा मॅनेजरपेक्षा जास्त. ग्राहकांची ओळख पटवणं, काळ्या पैशावर नजर ठेवणं हे त्यांचं खातं. बँकेच्या चाळीस पानी धोरणातून वीस प्रश्नांची परीक्षा त्यांनीच काढलेली. अठरा बरोबर आल्याशिवाय नवा माणूस खिडकीवर बसत नसे. दोनदा नापास झाला, की घरी. मिनेसोटातल्या आमच्या गावात नोकरी म्हणजे एक तर बँक, नाहीतर कत्तलखाना. सहा वर्षांपूर्वी मीही घाम पुसत पास झाले होते.

लेन्चो तोलोसा हा नवा मुलगा दुसऱ्यांदा सतरावर अडकला. पंधरावा प्रश्न दोन्ही वेळा चुकलेला: परदेशी माणसाकडे अमेरिकन सरकार देतं तो सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर खातं उघडता येतं का?

"पहिल्यांदाच सांगितलं होतं ना, ‘नाही’ म्हणून?" बाई कडाडल्या. "तरी पुन्हा ‘हो’ लिहिलंस? डोकं घरी ठेवून येतोस का?"

"बाई, मी धोरण वाचून लिहिलं," लेन्चो म्हणाला. धोरणाचं नेमकं पान त्याने उघडलं. "हा क्रमांक अमेरिकन माणसाला लागतो. पुढच्या पानावर परदेशी माणसाचं आहे. त्याच्या पासपोर्टचा क्रमांक आणि देश चालतो. ओळख पटवायची, सरकारने बंदी घातलेल्यांच्या यादीत नाव बघायचं, ते सगळं आहेच. पण नुसता हा क्रमांक नाही म्हणून परत पाठवायचं, असं कुठेच नाही."

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. मागचं पान उलटून पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी सबब निघणार. पण पेन काढून त्यांनी सतराचे अठरा केले.

"उद्या खिडकीवर बस," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी एकच पान वाचून प्रश्न काढला."

मग माझ्याकडे वळल्या. "रॉबर्टा, तू काय लिहिलं होतंस?"

"‘नाही’," मी म्हणाले. "पूर्ण गुण मिळाले होते."

"आणि खिडकीवर?"

हिरवा पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे धरणारी एक बाई आठवली. तिने दोनदा विचारलं होतं, मी दोनदा हसून नाही म्हटलं होतं. नियमाप्रमाणे वागल्याचा अभिमानही वाटला होता मला. लाज वाटते आता.

"यादी काढ," बाई म्हणाल्या. "ज्यांना परत पाठवलं त्या सगळ्यांना मी स्वतः फोन करते."

सगळे कॉम्प्युटर धुंडाळले. माणसाच्या जन्मतारखेपासून धंद्यापर्यंत सगळं लिहून ठेवणारी आमची बँक. पण लिहितो ते खातं उघडलेल्यांचं. दारातून परत गेलेल्यांपैकी एकाचंही नाव आमच्याकडे नव्हतं.