दोन गाण्यांमधली ढोलकी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांना माझी सही वाचता येत नसे, पण ती ते कौतुकाने दुसऱ्यांना दाखवत. अशा घरातल्या माणसाने आपल्या आठवणी लिहाव्यात हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. तरी एका संध्याकाळची भीती अजून अंगातून गेलेली नाही. ती कुणाला तरी सांगावी म्हणून लिहितो.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी पारोळ्याजवळच्या खेड्यातून धुळ्याला शिकायला आलो आणि देवपुरात एका मारवाडी कापड व्यापाऱ्याच्या घरी गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिलो. घरात काका, काकू, त्यांचा दुकानात बसणारा मुलगा आणि लग्नाला आलेली मुलगी. मुलाला मी दादा म्हणायचो, मुलीला ताई. ती आमच्याच कॉलेजात माझ्या पुढे होती.

काकू गच्चीवर पापड वाळत घालायला यायच्या. जिन्यात त्यांची पावलं मध्ये थांबायची, मग थोड्या वेळाने पुन्हा चालू व्हायची. आधी मला वाटलं, हातात परात असते म्हणून. एकदा रिकाम्या हाताने आल्या तेव्हाही थांबल्या.

लग्न ठरलं जळगावच्या घरी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी महिला संगीत होतं. मुलाकडच्या बायकाही बघायला येणार होत्या. त्याच्या तीन आठवडे आधी ताईने मला खाली बोलावलं.

"भाऊ, तू गावाकडे भजनात ढोलकी वाजवतोस ना?"

"वाजवतो, पण ते भजन. तुमच्याकडचं मला काय जमणार?"

"हाताला गाणं कोणाचं ते कळतं का?" ती हसली. मग दाराकडे बघून हळू आवाजात बोलली, "आईच्या हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, ती म्हणते लग्न होऊ दे. सासरी माहीत नाही. आईला असं आहे म्हटल्यावर उद्या मुलीलाही होईल, असं कुणी म्हटलं तर?"

मला जिन्यात मध्येच थांबणारी पावलं आठवली.

"आई नाचली नाही तर लोक विचारतील. नाचली आणि धाप लागली तर सगळ्यांसमोर कळेल. तू गाण्यांची अशी जुळणी कर की ती नाचेलही आणि वेळेवर बाहेरही येईल. कुणाला कळता कामा नये."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. रविवारी गावी गेलो तेव्हा वडिलांना फक्त ढोलकीचं सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकेसना घरनं काम शे, जपीसन कर. आपलं नाव खराब व्हायाले नको."

चार गाणी बायकांनी आधीच ठरवली होती. पहिलं आणि दुसरं संथ, जवळजवळ सारख्या चालीचं. तिसरं घुमण्याचं, म्हणजे गोल फिरत नाचायचं, सहा मात्रांचं. चौथं सिनेमातलं, पळतं. घरात दोन कॅसेटचा जुना टेपरेकॉर्डर होता. एकीकडून वाजवायचं, दुसरीकडे भरायचं. पहिल्या तालमीला गाणी एकामागून एक भरून घेतली आणि सगळा गोंधळ झाला. पहिल्याचं दुसरं झालं ते कुणाला कळलंही नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आलं की "टक" असा आवाज आणि दहा बायकांचे वीस पाय चुकायचे.

"हे नाचणं आहे की खड्ड्यातून बैलगाडी?" काकूंची नणंद म्हणाली. बायका हसल्या.

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून प्रत्येक गाण्याचे ठोके मोजले. पहिली दोन सारखी, म्हणून ती समेवर सम ठेवून, म्हणजे पहिल्या मात्रेला पहिली मात्रा, जोडली की पुरे. तिसरं जास्त पळत होतं, आणि आठ मात्रांवरून सहा मात्रांवर जायचं होतं. ते सरकत सरकत जाता येत नाही. पाय आठचं गणित धरून बसलेले असतात. म्हणून तिथे टेप थांबवायचा. दादा यंत्राजवळ बसून पॉज दाबेल. मी ढोलकीवर आठ मात्रांचा केरवा चालू ठेवून हळूहळू वेग वाढवेन, मग तिहाई घेईन, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा समेवर थांबेन. बायका तिथे हात वर करून उभ्या राहतील. मग सहाचा दादरा तिसऱ्या गाण्याच्या वेगात दोन आवर्तनं वाजवून दादाला मान हलवून खूण करीन, की त्याने पॉज सोडायचा. तिसऱ्याचं चौथं सोपं निघालं. चौथ्याचा ठोका तिसऱ्यापेक्षा थोडाच पुढे होता, तिथे बायकांनी टाळ्या देत वर्तुळ मोडायचं आणि नव्याने सुरू करायचं ठरलं.

काकूंचं बाहेर पडणं त्या ढोलकीत होतं. दुसरं गाणं संपलं की त्या दारात थांबलेल्या ताईला हाताला धरून आणणार, तिला मधल्या पाटावर बसवणार आणि तिच्याजवळ बसणार. आई मुलीला आणते यात कुणाला काय दिसणार? पुढची दोन गाणी त्यांनी टाळ्या वाजवायच्या.

तालमी घरातच, त्याच टेपवर झाल्या. काकू दुसऱ्या गाण्याच्या शेवटी थोड्या दमायच्या, पण हसत यायच्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुझी ढोलकी अगदी वेळेवर येते. जिन्यातल्या कठड्यासारखी." म्हणजे त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी मान खाली घातली.

संगीताच्या संध्याकाळी अंगणात मांडव. मुलाकडच्या बायका पहिल्या रांगेत जाजमावर. मधोमध नवऱ्या मुलाच्या आई, जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या आणि फारसं न बोलणाऱ्या. घरचा टेप मांडवाला पुरणार नाही म्हणून काकांनी मांडववाल्याकडचं मोठं यंत्र आणि कर्णे घेतले होते. ते दुपारपासून तिथे होते, पण त्यावर आमची कॅसेट कुणी लावूनच बघितली नव्हती. आवाज येतो ना, एवढंच बघितलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. गायिकेचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. ठेका पळत होता. मला क्षणात उमजलं. घरच्या टेपचा पट्टा सैल झालेला, तो सगळंच हळू चालवत होता. त्यानेच भरलं, त्यानेच वाजवलं, म्हणून आम्हाला ते बरोबर वाटत होतं. मांडववाल्याचं यंत्र गाणं खऱ्या वेगाने वाजवत होतं. आमच्या तालमीच सगळ्या हळू झाल्या होत्या.

मी दादाकडे बघितलं. त्याला काही कळलं नव्हतं, तो खुशीत पाय हलवत होता. थांबवावं तरी कसं? पाहुण्यांसमोर पहिल्याच गाण्यात यंत्र बंद केलं असतं तर? बायकांनी वेग सांभाळला. काकूंनीही सांभाळला. पण पहिलं गाणं संपून दुसरं जोडलं गेलं तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. ओठांचा रंग उतरला होता. गिरकी घेताना त्यांनी मांडवाच्या खांबाला हात लावला आणि लगेच काढला, जणू नाचातलीच अदा आहे. मुलाच्या आईने चष्मा नीट केला.

दुसरं गाणं संपलं. दादाने पॉज दाबला. आता मी वेग वाढवायचा होता. काकू ताईकडे निघायला हव्या होत्या, पण त्या हलल्या नाहीत. त्या जागेवरच टाळी वाजवत होत्या, आणि त्यांची छाती वरखाली होताना मला इतक्या लांबून दिसत होती.

वेग वाढवायचा सोडून मी तो उतरवू लागलो. एकदम नाही. एकदम उतरवला तर टाळ्या सांडतात आणि सगळ्यांना कळतं. प्रत्येक आवर्तनात थोडा, इतका थोडा की ऐकणाऱ्याला आपण स्वतःच सैल होतोय असं वाटावं. डाव्या हाताचा ठोका मोकळा सोडला, किनारीवरची घाई काढून टाकली. नणंदबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. तालमीत असं काही नव्हतं. पण त्यांच्या टाळ्या माझ्यामागे येत होत्या, मग बाकीच्यांच्या. मी मनात एकच म्हणत होतो, बसा, काकू, आता बसा.

त्या संथ ठेक्यावर काकूंनी एक पाऊल उचललं. मग दुसरं. त्या ताईपर्यंत पोचण्याआधीच मुलाच्या आई उठल्या आणि वर्तुळात आल्या. त्यांनी काकूंचा हात धरला. मला वाटलं, सगळं संपलं.

"काय हो विहीणबाई," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मुलगी देताना एवढी घाई? आमच्याकडे सावकाश चालतात. चला, दोघी मिळून आणू तिला."

बायका हसल्या, कुणी शिट्टी मारली. दोघी हातात हात घालून, ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत ताईपर्यंत गेल्या. तिला आणलं. पाटाच्या दोन बाजूंना दोघी बसल्या. हात त्यांनी सोडला नव्हता.

मग मी वेग पुन्हा चढवला. आता तो तालमीतल्यापेक्षा जास्त न्यायचा होता, कारण तिसरं गाणंही त्या यंत्रावर पळणारच होतं. अंदाजाने नेला. तिहाई घेतली, दादरा धरला, मान हलवली. दादाने पॉज सोडला. गाणं माझ्यापेक्षा जरा पुढेच निघालं, दोन बायकांचे पाय अडखळले, मग जुळले. चौथ्या गाण्याला मांडव नाचत होता. मी मात्र पाटाकडे बघू शकलो नाही.

जेवताना मुलाच्या आई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ढोलकी तूच वाजवलीस ना? मध्ये एवढी का उतरवलीस?"

"टेप जोरात पळत होता," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"बरं केलंस," त्या एवढंच म्हणाल्या, आणि वाढणाऱ्याला माझ्या ताटात जिलेबी टाकायला सांगितली.

लग्न लागलं. ताई जळगावला गेली. माझी परीक्षा आधीच झाली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी खोली सोडून गावी आलो. पण ती धाकधूक माझ्याबरोबर आली. त्या बाईंना काय कळलं होतं? हात धरल्यावर नाडी लागली असेल का? ताईला परत पाठवतील का? विचारायला जाण्याची हिंमत झाली नाही. गावी लग्नांत ढोलकी वाजवायला बोलावलं तरी मी काही ना काही निमित्त काढत असे.

पुढच्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या स्टँडवर दादा भेटला. मालाच्या गाठी घेऊन चालला होता. मी घरचं विचारलं आणि उत्तराची वाट बघताना बसचा दांडा धरून उभा राहिलो.

"आईचं ऑपरेशन झालं मुंबईला," तो म्हणाला. "ताईच्या सासूबाईच घेऊन गेल्या. लग्नाच्या चौथ्या दिवशी आमच्याकडे येऊन सरळ म्हणाल्या, हिचा हात धरला तेव्हाच मला कळलं, आता लपवू नका. ताईच्या डोळ्यांतलं पाणीच थांबेना. आम्ही सगळे उगाच घाबरलो होतो."

"आणि काकू आता?"

"आता? परवा पापडांची परात घेऊन गच्चीवर गेली. मध्ये एकदाही थांबली नाही. वर जाऊन तुझ्या खोलीचं दार वाजवत होती. तू सोडून गेलास हे विसरलीच होती."