कुंडीमागचा मामा

नाशिकमध्ये द्वारकेला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे आणि शेजारी झुंबरचा स्टुडिओ. वीस वर्षं मी त्याच्या फोटोंना चौकटी मारतोय आणि तेवढीच वर्षं त्याच्या एका वेडापायी डोकं आपटतोय. झुंबर फोटोतलं कधी काही पुसत नाही.

तो पेठकडचा. त्याचा बाप भात आणि नागलीचं बियाणं कणगीत वेगळं ठेवायचा आणि घरात उपास पडला तरी त्याला हात लावू द्यायचा नाही. झुंबरच्या कॉम्प्युटरवरही दोन फोल्डर आहेत: 'बियाणं' आणि 'भात'. कॅमेऱ्यातून आलेला फोटो जसाच्या तसा 'बियाण्या'त जातो. त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क घरी तांदळाच्या डब्याशेजारी. काय रंगरंगोटी करायची ती 'भाता'तल्या प्रतीवर, तीही वेगवेगळ्या थरांत. गोरेपणा एका थरात, टकलावरचे केस दुसऱ्या थरात. स्क्रीनवर थराशेजारी असलेलं डोळ्याचं चित्र मिटलं की केस गायब. डोळा उघडला की परत घनदाट. खाली मूळ माणूस आपला निवांत.

हे शहाणपण त्याला ठेच लागूनच आलं. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका म्हातारीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून त्यानं पुसलं आणि त्याच फाईलवर सेव्ह मारलं. दोन वर्षांनी म्हातारी गेली. मुलगा म्हणाला, आईचा गोंदणासकट फोटो द्या. कुठून देणार? झुंबर त्या दिवशी जेवला नव्हता. हे आठवलं की मी त्याला शिव्या द्यायचा थांबतो, पाच-दहा मिनिटं.

तर मागच्या रविवारी सकाळी नऊ वाजता सिंधुबाई आल्या, नाशिकरोडच्या. मागून त्यांचे यजमान कोंडाजी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटर. सिंधुबाईंच्या काखेत मीच बनवलेली भली मोठी फ्रेम होती. नऊ वर्षांपूर्वीच्या, त्यांच्या मुलाच्या, संतोषच्या लग्नातला घरच्यांचा कमरेपर्यंतचा फोटो. कोंडाजींच्या शेजारी प्लॅस्टिकची हिरवीगार कुंडी.

"झुंबर, या कुंडीत माझा भाऊ हाय. त्याला बाहेर काढ," सिंधुबाई म्हणाल्या.

प्रकरण असं. लग्नाच्या सकाळी मोतीराममामांना मानाचा फेटा मिळायचा होता, तो कुणाच्या तरी गोंधळात दुसऱ्याच पाहुण्याला गेला आणि मामांच्या हातात टॉवेल-टोपी पडली. बहीणभावांत चार शब्द झाले. संध्याकाळी फोटो काढताना मामांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. अल्बम पाहून सिंधुबाईंचा पारा चढला. भर मांडवात पाठ दाखवतो काय! त्यांनी झुंबरला सांगून भावाच्या जागी कुंडी ठेवून घेतली. मामांना कळलंच. नऊ वर्षं भावाचा बहिणीकडे पाय नाही.

आता धाकट्या लेकीचं, सायलीचं लग्न ठरलं होतं, आणि मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण? मामांनी निरोप धाडला, "भिंतीवर मी नाय, तर मांडवातबी नाय." भिंतीवरचा फोटो बघायला म्हणून त्यांना त्याच दुपारी बारा वाजता घरी बोलावलेलं.

"बारा वाजता तो दारात असंल," सिंधुबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "कुंडी दिसली तर माझा भाऊ कायमचा गेला रे."

"मामांना लपवलंय मावशी, पुसलं नाय," झुंबर म्हणाला आणि त्यानं फाईल उघडली.

"जुनं कशाला उकरता?" कोंडाजी मध्येच बोलले. "नवा फोटो काढू की."

"तुम्ही गप बसा हो!"

झुंबरनं कुंडीच्या थराचा डोळा मिटला. कुंडी गेली आणि मामा आले. बाकी कशाला धक्का नाही: सिंधुबाईंची उजळलेली नथ तशीच, कोंडाजींचे उधारीचे केसही तसेच. नऊ वर्षं गायब असलेला माणूस एका टिचकीत परत! पण आली ती मामांची पाठ.

"पाठच आली की रे!" सिंधुबाई मटकन स्टुलावर बसल्या. "जरा इकडं वळव त्याला."

"मुळातच नाय ते कुठून आणू? बियाण्यात पाठच हाय."

"मग खाली काय हाय का बघ. फोटो तू कापला व्हता ना कमरेपासून?"

"कापला नाय. झाकला हाय. तवा घाईत खाली काय हाय ते बघितलंबी नाय."

इथे कोंडाजी उठले. पंख्याचं बटण समजून त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. मग दिवा लावून म्हणाले, चहा सांगतो. मग म्हणाले, छातीत दुखतंय. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी फ्रेमचे खिळे काढत होतो.

झुंबरनं झाकलेली कड उघडली. फोटो खाली सरकत पायापर्यंत वाढला, आणि आम्ही तिघंही वाकलो.

जन्मभर पँट घातलेल्या कोंडाजींना पाहुण्यांनी त्या दिवशी हौसेनं धोतर नेसवलं होतं. ते मागून सुटलं होतं. सुटलेला काष्टा गुडघ्यापर्यंत लोंबत होता, आणि मोतीराममामा कॅमेऱ्याकडे पाठ करून, वाकून, दोन्ही मुठींत ते धोतर आवळून उभे होते. वर कोंडाजींचा चेहरा हसरा, राजासारखा.

"हे तुम्हाला ठावं व्हतं?" सिंधुबाईंनी विचारलं.

कोंडाजी चपलांकडे बघत म्हणाले, "तो म्हणाला, दाजी, कुणाला बोलू नका. मी नाय बोललो."

"नऊ वर्षं?"

"शब्द दिला व्हता ना."

सिंधुबाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. मलाही भरून आलं आणि कोंडाजींचा रागही आला. झुंबर मात्र 'बियाण्या'तला मूळ फोटो काढून ताडून बघत होता, धोतर खरंच तेवढं सुटलेलं होतं का. होतं.

"पूर्ण फोटो छाप," सिंधुबाई म्हणाल्या. "पायापर्यंत."

"अगं, सोयरे येणार घरात!" कोंडाजी कळवळले. "झुंबर, धोतरापुढं तरी कुंडी ठेव बाबा. ती आधीचीच चालंल."

"ठेवतो की. वेगळ्या थरात. मावशी म्हणतील तेव्हा काढू."

"आत्ताच काढ," मावशी म्हणाल्या.

मोठ्या फोटोला मोठी चौकट लागली. ती मी धावतपळत मारली आणि पावणेबाराला त्यांच्या घरी स्वतः टांगली. चौकट सरळ करतोय तोच मामा दारात. बाहेरूनच त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चप्पल काढायचीही विसरले. फोटोजवळ जाऊन स्वतःच्या मुठींकडे बघत राहिले.

"दाजी, बोललात व्हय?"

"मी नाय. फोटो बोलला."

सिंधुबाई आतून फेटा घेऊन आल्या. गुलाबी, कोरा. भावाला खुर्चीत बसवून त्यांनी स्वतःच बांधायला घेतला. बांधता येत नव्हता, दोनदा सुटला. मामा मान ताठ ठेवून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं.

"भाऊ, हलू नको," त्या म्हणाल्या. "सुटतोय."

तेवढ्यात मागून दोन हात आले आणि त्यांनी फेट्याचं टोक घट्ट धरलं. कोंडाजी होते.