हिरव्या दिव्यावर अडवलेले व्याही

हवालदार शांताराम गावस यांच्यावर सर्वण गावात एकच ठपका होता, तो म्हणजे माणूस माजला. गावातली माणसं डिचोलीच्या बाजाराला जाताना चार रस्त्यांच्या जंक्शनवर त्याला बघायची, गाडीतून हात हलवायची, आणि हा पठ्ठ्या पांढऱ्या शर्टात खांबासारखा उभा. हसणंसुद्धा नाही. त्याच्या सख्ख्या मामेभावाने याच कारणावरून एका गणेश चतुर्थीला त्याच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं.

शांताराम खरं तर ओळख ठेवणारा माणूस. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने मेव्हण्याला प्रेमाने हात हलवून बोलावलं होतं. मेव्हणा लांबच राहिला, पण त्या रस्त्यावर थांबवून ठेवलेला एक टिप्पर, दोन रिक्षा आणि गॅसच्या सिलिंडरांचा टेम्पो असे सगळे एकदम सुटले. त्यांचा काही दोष नव्हता. हवालदाराने हात केला, ते निघाले. कोणाला लागलं नाही, पण शांतारामला पीआयसाहेबांच्या टेबलासमोर अर्धा तास उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून त्याने पक्कं केलं, की पांढरा शर्ट अंगावर असेपर्यंत ओळख द्यायची नाही. जंक्शनवर हात उचलला तर कुणीतरी थांबलं पाहिजे नाहीतर निघालं पाहिजे. तिसरं काही नाही.

जंक्शनवर सिग्नलचे दिवे आले तेव्हा लोकांना वाटलं, आता शांतारामचं काम संपलं. बाजारातल्या रिकामटेकड्यांनी त्याला विचारूनही घेतलं, की आता काय, सावलीत बसून शेंगदाणे खाणार का. तो म्हणायचा, दिवे चांगलेच आहेत, वेळेवर लागतात, वेळेवर जातात, पण पुढे काय चाललंय ते त्यांना कळत नाही. म्हणून नियमच असा आहे, की ड्युटीवरच्या पोलिसाचा हात आधी आणि दिवा नंतर. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेतसुद्धा हे विचारतात. लोक तिथे उत्तर बरोबर लिहितात, लायसन्स घेतात आणि बाहेर आल्यावर विसरतात.

शांतारामची मुलगी तेजस्विनी एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. शहाणी पोर, पण नाकासमोर चालणारी मात्र नव्हे. आलेली दोन स्थळं तिने स्वतःच परतवली होती. एकाने म्हणे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आईकडे बघून दिलं, आणि दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, सगळं मामाच बोलला. तिसरं स्थळ सुर्ल्याच्या शेट्यांचं. मुलगा सुदेश औषधांच्या एजन्सीत कामाला होता आणि लॅबमध्ये येता-जाता तिच्या ओळखीचा झाला होता. या वेळी तिने नाक मुरडलं नाही. सुदेशचं नाव निघालं की ती उठून उगाच पाणी प्यायला जायची, आणि यशोदा, म्हणजे शांतारामची बायको, नवऱ्याकडे बघून भुवया उडवायची. एवढ्या वर्षांनी लेकीच्या मनासारखं काही जुळतंय म्हणून शांताराम रात्री झोपेतसुद्धा हसायचा, असं यशोदा सांगते.

अडचण होती ती सुदेशच्या वडिलांची. दत्तप्रसाद शेट्ये यांनी एकतीस वर्षं खाणीवरच्या वजनकाट्यावर सुपरवायझरकी केली होती. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर कधी चढायचा आणि कधी उतरायचा, हे तिथला तांबडा-हिरवा दिवा सांगायचा, आणि त्या दिव्याचं बटण दत्तप्रसादांच्या बोटाखाली असायचं. तांबडा असताना ट्रक हलवणारा ड्रायव्हर त्यांनी पाहिला नव्हता. तीच शिस्त घरात. पद्मावती, त्यांची बायको, त्यांना विचारल्याशिवाय टीव्हीचं चॅनल बदलत नसे. सुदेश अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी बापाने म्हटल्याशिवाय गाडीचा गिअर टाकायचा नाही.

मुलगी बघायला यायचा मुहूर्त दत्तप्रसादांनी पंचांग बघून काढला, बुधवारी साडेअकरा. बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी शांतारामला रजा मिळणं कठीण. शेवटी असं ठरलं, की अकरा वाजता जयराम नावाचा शिपाई येऊन त्याला मोकळं करील. पण जयरामची स्कूटर वाटेत पंक्चर झाली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली तरी शांताराम जंक्शनच्या मधोमध आणि घरी यशोदा नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटं झाकून दारात उभी.

एवढ्यात बाजाराच्या बाजूच्या रस्त्यावर केळ्यांनी भरलेला टेम्पो बंद पडला. त्याच्यामागे बस, बसमागे पाच-सहा गाड्या, आणि बघता बघता रांगेचं शेपूट जंक्शनला येऊन टेकलं. अशा वेळी आणखी दोन गाड्या जरी आत शिरल्या, तर त्या मधोमध अडकतात आणि चारी रस्ते बंद पडतात. दिव्याचा खटका बंद करावा, तर पेटीची किल्ली चौकीत. समोरून त्याच बाजूला येणाऱ्या गाड्यांना हिरवा लागला. शांतारामने उजवा हात ताठ वर केला, तळवा समोर. सगळ्यात पुढची पांढरी गाडी पट्ट्यावर चाकं टेकवून थांबली.

गाडीत सुदेश होता. शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टात दत्तप्रसाद. मागच्या खिडकीतून पद्मावतीबाई होणाऱ्या व्याह्यांना हसून नमस्कार करत होत्या.

शांतारामने व्याह्यांना ओळखलं. क्षणभर वाटलं, एकच तर गाडी आहे, सोडावी. पण ती गाडी जाणार कुठे होती? जंक्शनच्या मधोमध येऊन उभी राहणार आणि आपलंच घरचं कार्य सगळ्या बाजारासमोर अडकणार. हात तसाच राहिला. चेहराही तसाच राहिला, कारण नेमकं हसायची सवय त्याने मोडून टाकली होती. पद्मावतीबाईंचा नमस्कार खिडकीतच विरला. हिरवा जाऊन तांबडा आला. दुसऱ्यांदा हिरवा लागला, टेम्पो जागचा हलला नव्हता, शांतारामने दुसऱ्यांदा हात केला.

आता दत्तप्रसाद गाडीतून उतरले आणि थेट त्याच्यापाशी आले. मागे हॉर्नचा कल्लोळ. त्यांना गाडीतून पुढचा टेम्पो दिसला नव्हता, दिसला होता तो फक्त हिरवा दिवा आणि फक्त आपल्याच गाडीपुढे आडवा आलेला हात. ते म्हणाले, स्थळ पसंत नसेल तर घरी बसून सांगायचं होतं, असं भररस्त्यात सांगायची ही कुठली रीत?

शांतारामला पुष्कळ बोलायचं होतं. व्याही म्हणायचं होतं, टेम्पो दाखवायचा होता, हात जोडायचे होते. पण एक हात वर आणि दुसऱ्या हाताने डावीकडच्या मोटारसायकली अडवलेल्या.

"माका पुढचा दिसता, दिव्याक दिसणा नाय," तो एवढंच म्हणाला. "गाडीत जावन बसा."

पोलिसी आवाजाची सवय. होणाऱ्या व्याह्यांना त्याने चक्क चोराला सांगावं तसं सांगितलं. दत्तप्रसाद तांबडेलाल होऊन गाडीत जाऊन बसले.

शेवटी बाजारातल्या हमालांनी ढकलून टेम्पो कडेला लावला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. तोवर सुदेशच्या रस्त्याला पुन्हा तांबडा. आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा सुरू झाला. वाट एकच, पुढची पांढरी गाडी हलली तर. शांतारामने उजवीकडच्या गाड्यांना तळवा दाखवला, डावीकडच्यांना दाखवला, ते सगळे हिरव्यावर करकचून थांबले. मग समोर बघून त्याने हाताने गाडीला बोलावलं.

गाडी हलेना.

काच खाली होती, त्यामुळे दत्तप्रसादांचं बोलणं शांतारामला स्पष्ट ऐकू आलं. "तांबडो आसा. हलूचा नाय."

ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत होती. शांताराम हात करत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आत कुणाची आई असेल, कुणाचं पोर असेल, आणि इथे हे गृहस्थ वजनकाट्यावर बसले आहेत. त्याला रागही आला आणि रडूही. सुदेशने दिव्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि हवालदाराच्या हाताकडे बघितलं. मग गिअर टाकला आणि तांबड्या दिव्यातून गाडी पुढे काढून डाव्या कडेला घेतली. ॲम्ब्युलन्स शेजारून निघून गेली. पांढरी गाडीही गेली. शांतारामला मागच्या काचेतून एवढंच दिसलं, की पुढच्या सीटवर दत्तप्रसादांचा हात हवेत नाचतो आहे.

पावणेबाराला जयराम घामाघूम होऊन पोचला. शांताराम मोटारसायकलवर बसला खरा, पण सर्वणपर्यंतचा रस्ता त्याला संपूच नये असं वाटत होतं. पाहुणे वाटेतूनच मागे फिरले असणार. यशोदाला काय सांगायचं हे तो जुळवत होता. तेजस्विनीला काय सांगायचं हे जुळतच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्या डिचोलीला वाट करून दिली आणि पोरीच्या वाटेत आपणच उभे राहिलो, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

पांढरी गाडी अंगणात उभी होती. दत्तप्रसाद सोप्यातल्या बांकावर ताठ बसले होते. समोरच्या नेवरीला त्यांनी हात लावला नव्हता. सुदेश कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मान खाली. स्वयंपाकघराच्या दारात तेजस्विनी उभी होती, आत जात नव्हती, बाहेर येत नव्हती.

शांताराम टोपी काढून उभा राहिला आणि टेम्पो, बस, ॲम्ब्युलन्स, नियम, सगळं एका दमात सांगू लागला. दत्तप्रसादांनी त्याला मध्येच थांबवलं. सुदेशने ते सगळं गाडीतच सांगितलं होतं. आपण चुकलो, हे त्यांनी एका वाक्यात कबूलही केलं, बिल भरून टाकावं तसं. दुखणं दुसरंच होतं.

"ह्यो माझ्या शब्दाभायर आजवर गेलो नाय," ते मुलाकडे न बघता म्हणाले. "आज गेलो. तुमच्या हाताखातीर."

लग्न मोडलं, हे शांतारामने मनात लिहून टाकलं. यशोदाने पदर तोंडाला लावला. सुदेशने मान वर केली आणि आज पहिल्यांदाच सरळ तेजस्विनीकडे बघितलं. तिनेही नजर हलवली नाही.

तेव्हा पद्मावतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अठ्ठावीस वर्सां मी ह्याच दिसाची वाट बघत होतंय," त्या म्हणाल्या. "पोरगी आमका पसंत आसा."

दत्तप्रसादांनी बायकोकडे बघितलं. त्यांना विचारल्याशिवाय ती बोलली होती, तेही लोकांच्या घरी. सोप्यात सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि तांबडा लावायला हाताशी बटण नव्हतं. शेवटी त्यांनी समोरची नेवरी उचलली, अर्धी खाल्ली आणि शांतारामला विचारलं, "मुहूर्त काढूक तुमचो भट खंयचो?"