साखर एकाच हातात?

माझ्या सासूबाई, मखमलाबादच्या नवसाबाई, शेवंतीचे हार इतक्या झपाट्याने ओवायच्या की गिऱ्हाईक बघत राहायचं. १९९९ मध्ये त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर बोटं निळी पडली, कळा थांबेनात. डॉक्टर म्हणाला, "दुखणारच." दोन दिवस त्याने प्लास्टर कापलं नाही. हात कायमचा आखडला.

आम्ही ग्राहक मंचात तक्रार केली. तिथे त्या डॉक्टरने सरळ लिहून दिलं, हा त्यांच्या जुन्या मधुमेहाचा परिणाम!

मी केसपेपर घेऊन तीन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तिघेही म्हणाले, "प्लास्टर वेळेत कापलं असतं तर हात वाचला असता." लिहून द्या म्हटलं की तिघेही केसपेपर परत माझ्याकडे सरकवायचे.

तारखेला सासूबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "साहेब, साखर काय एकाच हातात शिरती व्हय? हा डावा बगा की!"

मंचाच्या अध्यक्षांनी पुढे वाकून दोन्ही हात निरखले. "मला पटतंय, आजी. पण तज्ज्ञाचं लेखी मत आणा."

पुढच्या तारखेच्या कागदावर सासूबाईंनी डावा अंगठा उमटवला. फाईल चाळणारा कारकून खेकसला, "मनगट मोडण्याआधीच्या मधुमेहाच्या कागदावर तर ठसठशीत सही आहे तुमची. मग आता अंगठा कशाला?"