आबांच्या पथ्याची बाटली

२००६ च्या उन्हाळ्यात माझ्या चार वर्षांच्या भाच्याच्या रक्तातलं फेनिलॲलानिन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बरंच वर गेलं. तसा अहवाल हैदराबादहून आला. त्याआधीचे तीन अहवाल मर्यादेत होते.

त्याला फेनिलकीटोन्युरिया आहे. प्रथिनांमध्ये फेनिलॲलानिन नावाचा एक घटक असतो. त्याच्या शरीराला तो मोडता येत नाही. तो रक्तात साठत गेला तर वाढत्या वयात मेंदूला इजा होते आणि झालेली इजा भरून येत नाही. म्हणून दूध, डाळ, अंडी बंद, आणि भाकरी मोजून. साबुदाणा, रताळं, तूप, साखर चालते. शिवाय परदेशातून येणारी, हा घटक काढून टाकलेल्या प्रथिनांची एक खास पावडर.

बहिणीचं घर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळ आहे. अहवाल आल्यावर मी जीपने तिथे गेलो. ती ओसरीवर वही घेऊन बसली होती. लेकराच्या पोटात जाणारा प्रत्येक घास ती त्या वहीत लिहायची. सहा आठवड्यांच्या नोंदी आम्ही ओळीओळीने वाचल्या. चूक सापडली नाही.

"दादा, समदं बराबर हाय," ती म्हणाली. "मग काहून वाढलं?"

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "वहीत लिवलं म्हणून बराबर व्हतंय व्हय? कुणी तरी वाटीभर वरण चारलंच असंल."

पोरगं त्या दिवसांत चिडचिडं झालं होतं, हाक मारली तर वळून पाहत नव्हतं. ते वाढत्या पातळीमुळे की उन्हामुळे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "लिहिलेलं सोडा, न लिहिलेलं शोधा."

दुपारी तिचे सासरे शेतावरून आले. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांना मधुमेह होता. त्यांच्यासाठी खिडकीत एक वेगळी फळी होती. तिच्यावर त्यांच्या गोळ्या, चहात टाकायची गोड पावडर आणि हिंगोलीहून आणलेल्या बिनसाखरेच्या शीतपेयाच्या बाटल्या असत. नातवाची पावडरही त्याच फळीवर ठेवलेली होती. घरात फळी एकच होती, पथ्याची.

आबांनी बाटली उघडली, अर्धा पेला नातवाला दिला, उरलेलं स्वतः घेतलं.

मी विचारलं, "हे रोज देता?"

"उन्हाळा लागल्यापासून रोजच. आमी दोघं पथ्यवाले. बाकीच्यायनी गूळ खावा."

"वहीत नाही ते."

बहीण म्हणाली, "पथ्याचं काय लिवायचं? खाल्लेला घास लिवते मी."

बाटली हातात घेऊन मी उजेडात गेलो. समोर मोठ्या अक्षरांत साखर नसल्याचं लिहिलं होतं. काय आहे ते मागे, मुंगीएवढ्या इंग्रजीत होतं. कृत्रिम गोडी दोन प्रकारची होती, ॲस्पार्टेम आणि ॲसिसल्फेम पोटॅशियम. मुलांसाठी शिफारस नाही. शेवटची ओळ अशी होती: फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. चहात टाकायच्या गोड पावडरीच्या डब्यावरही ॲस्पार्टेम आणि तीच ओळ होती. डब्यात बाकी दुधातली साखर होती, चिमूट हाताला लागावी एवढं वजन भरायला.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते मी टिपून घेतलं. ॲस्पार्टेम पोटात फुटतं आणि त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त फेनिलॲलानिन तयार होतं. दुसऱ्या गोडीत ते नसतं. सॅकरीन नावाच्या जुन्या कृत्रिम गोडीतही नसतं. ही सूचना फक्त या आजाराच्या माणसांसाठी असते. एका घोटाने विषबाधा होत नाही, पण रोजचा अर्धा पेला हिशेबात धरावाच लागतो. या मुलाला साखरेचं सरबत चाललं असतं.

आबा ऐकत होते. "मंग मला बी इख हाय का हे?"

"तुम्हाला नाही, आबा. तुम्हाला चालतं."

"अन् साखर?"

"ती त्याला चालते. तुम्हाला नाही."

त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, मीच पाजलं लेकराला. म्हातारीला सांग, वरणाचं नाव नगं घेऊ."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आयकलं म्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी बहिणीने मुलाची पावडर दुसऱ्या खोलीत, कपाटात हलवली. जे झालं ते भरून येणार की नाही, हे तिने डॉक्टरांना दोनदा विचारलं. पातळी खाली आल्यावर बघू, असं ते दोन्ही वेळा म्हणाले.

दहाव्या दिवशी बोटातून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेऊन, वाळवून, पाकिटातून हैदराबादला पाठवले. अहवाल यायला आणखी आठ दिवस लागले. पातळी आधीपेक्षा कमी होती. मर्यादेच्या अजून थोडी वर होती.