रद्द नोंदीची रेघ

इंदुबाई साबळे शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होत्या आणि निवृत्तीला सव्वीस दिवस उरले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून चुकीचा उतारा गेला नाही, हे त्या स्वतःच सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत.

त्या दिवशी खिडकीशी लोणी काळभोरची अक्षता कांबळे आणि तिचे आजोबा रामदास उभे राहिले. दोन महिन्यांपूर्वी इंदुबाईंनीच त्यांना उतारा दिला होता. रामदासांचे वडील कोंडीराम १९३८ साली याच शाळेत होते आणि नोंदीत त्यांची जात लिहिलेली होती. घरातल्या पुढच्या सगळ्या कागदांवर बौद्ध. जात पडताळणीला १९५० आधीचा पुरावा लागतो आणि तो हा एकच. पण इंदुबाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘नोंद रद्द’. समितीने कागद बाजूला सारला. शुक्रवारपर्यंत कॉलेजला पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर अक्षताची नर्सिंगची सीट जाणार होती.

‘‘नावावर आडवी रेघ आहे. आमच्याकडे रेघ म्हणजे रद्द,’’ इंदुबाई म्हणाल्या. ‘‘मी काय करू? खोडरबर घेऊ?’’

‘‘मॅडम, पण पुढे शाळा सोडल्याची तारीखही आहे. चौथी पास लिहिलंय. रद्द केलेला मुलगा चौथीपर्यंत शिकला कसा?’’ अक्षता म्हणाली.

‘‘फार हुशार आहेस हो!’’ असं इंदुबाई बोलून गेल्या खऱ्या, पण त्यांनी उतारा पुन्हा वाचायला घेतला.

रामदास एवढंच म्हणाले, ‘‘बाई, आमचा बा शाळंत गेलता. त्ये खरं हाय.’’

चार वर्षांपूर्वी एका एजन्सीने मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींची सगळी जनरल रजिस्टरं स्कॅन केली. तेव्हापासून मूळ वह्या कुलुपात आणि उतारे पडद्यावरून. कागद चुरतो म्हणून तसा नियमच झाला. इंदुबाईंना तो सोयीचा वाटला होता. धूळ नाही, शिंका नाहीत. आज त्यांनी किल्ली मागितली तेव्हा मुख्याध्यापक आनंद सर कुरकुरले, ‘‘अहो, स्कॅन आहे ना?’’

‘‘आहे. म्हणूनच वही हवीय.’’

पान उघडून इंदुबाईंनी वही उजेडात सरकवली. कागद कांद्याच्या सालीसारखा. कोंडीरामचं नाव ठसठशीत काळ्या शाईत, कडा स्वच्छ. रेघ मात्र फिकट तपकिरी, कडेने फुटलेली. ती या बाजूची नव्हतीच. त्यांनी पान उलटलं. मागे वर्ष संपल्याची जाड काळी रेघ मारलेली होती, शेवटच्या नावाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाई मुरत मुरत नेमकी कोंडीरामच्या नावावर उतरली होती.

स्कॅन होता काळा-पांढरा. त्याला फिकट-गडद कळत नाही. जरा गडद दिसलं की काळं, नाहीतर पांढरं. तपकिरी रेघ काळी झाली आणि नावाच्या शाईसारखीच दिसू लागली. मागची अक्षरं उमटली असती तर इंदुबाईंनी लगेच ओळखली असती, कारण ती उलटी दिसतात. तशी वाचायला त्या पर्समध्ये छोटा आरसाही ठेवत. पण रेघेला कसलं आलंय उलटं नि सुलटं?

त्यांनी दोन्ही बाजू रंगीत स्कॅन केल्या. मागच्या पानाचं चित्र आरशात दिसतं तसं फिरवून पुढच्यावर ठेवलं. रेघेवर रेघ तंतोतंत बसली. आनंद सर चष्मा वर करून बघत राहिले.

‘‘शेऱ्यात काय लिहिणार? ‘तांत्रिक कारणाने’ लिहा. निवृत्तीच्या तोंडावर कशाला?’’

इंदुबाईंना तो मोह झाला, अगदी झाला. एकतीस वर्षं! मग त्यांनी लिहिलं, ‘रेघ मागील पृष्ठावरील शाई झिरपून आलेली आहे. नोंद कायम. आधीचा शेरा मूळ रजिस्टर न पाहता दिला, ती माझी चूक.’ खाली सही ठोकली, सोबत दोन्ही पानांचे रंगीत स्कॅन जोडले. गुरुवारी समितीने कागद मान्य केला आणि अक्षताला प्रमाणपत्र मिळालं. रामदास पेढे घेऊन आले. इंदुबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

कारण त्यांच्यासमोर यादी होती. चार वर्षांत पडद्यावर बघून ‘नोंद रद्द’ म्हणून दिलेले उतारे अकरा. त्यांनी अकराही पानं उलटून पाहिली. सात नोंदी खरोखर रद्द होत्या. एक कोंडीरामची. उरलेल्या तिन्हींच्या मागे तशीच जाड रेघ.

दोघांना फोन लागला, नवे उतारे घेऊन गेले. तिसरा नंबर मांजरी गावच्या धम्मदीपच्या घरचा होता. एका बाईंनी उचलला.

‘‘धम्मदीपच्या पणजोबांची नोंद बरोबर होती. आमच्याकडून चूक झाली. त्याला उताऱ्यासाठी पाठवा,’’ इंदुबाई म्हणाल्या.



‘‘त्याचं इंजिनिअरिंग गेल्या वर्षीच सुटलं, मॅडम,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता गोदामात आहे. पाठवते, पण रविवारी चालेल का? इतर दिवशी सुट्टी मिळत नाही.’’

रविवारी शाळा बंद असते. इंदुबाईंनी आनंद सरांकडून किल्ली मागून घेतली आणि सकाळी नऊपासून ऑफिस उघडून बसल्या.