दयेची पेशी आणि ढ माकड

ताईंची उमेदीची वर्षं माकडांच्या मेंदूतल्या पेशी ऐकण्यात गेली. माकडाने शेंगदाणा उचलला की पेशीला तारेने जोडलेला स्पीकर तडतडायचा. ताईंनी उचललेला माकडाने पाहिला, तरी तीच पेशी तडतडायची. एकदा सासूबाई प्रयोगशाळा पाहायला आल्या आणि ते ऐकून हरखल्या.

"हीच ना दयेची पेशी? हिच्यामुळेच आपण नक्कल करतो, दुसऱ्यासाठी रडतो. टीव्हीवर सांगितलं!"

"आई, पेशी तडतडते एवढंच खरं. माणसांची दया, नक्कल तिच्यामुळेच, हे सिद्ध झालेलं नाही. त्यावर वाद चालू आहे. आणि ही माकडं तर नकलेत अगदी ढ!"

सासूबाईंना पटेना. त्यांनी माकडासमोर टाळ्या वाजवल्या, कान धरले, डोक्यावर हात ठेवले. माकड ढिम्म, शेंगदाणे चघळत बसलं.

"अगं बाई, हे तुझ्या सासऱ्यांवर गेलंय!" म्हणत त्या खळखळून हसल्या.